मदत हवी आहे: पालकांना चिठ्ठी कशी लिहू?

मी दादरला तिसरीला मराठी शिकवते. वर्गातल्या एका मुलाने पावसात लोकल बंद पडली त्यावर अकरा ओळी लिहिल्या, बाबांचे भिजलेले बूट, डब्यातला अंधार, सगळं त्याचं स्वतःचं, जूनमध्ये हाच मुलगा तीन ओळींवर थांबायचा. पण पूर्णविराम एकच, बाकी सगळं ‘आणि मग’ने जोडलेलं, आणि ‘पाणी’चं ‘पाणि’. आई प्रत्येक चूक लाल पेनने खोडून दहादा लिहायला लावते, त्यामुळे तो आता सोपे शब्दच वापरतो.

चिठ्ठीत आधी त्याचंच एक वाक्य द्यायचं, मग पुढची एकच पायरी, लिहिलेलं मोठ्याने वाचून थांबतो तिथे पूर्णविराम देणं, असं ठरवलंय. ऱ्हस्व-दीर्घ नंतर. पण लाल पेन थांबवा हे आईला न दुखावता कसं लिहू?