नसबंदीनंतर 'ते' कसं असतं? आपापले अनुभव लिहा

घाटमाथा: काल साडू आला होता. दोन मुली, बायकोची दोन्ही सिझर, आता डॉक्टरीणबाई म्हणतायत की तिला तिसऱ्यांदा टेबलावर घेण्यापेक्षा तुम्हीच करून घ्या. जेवणं झाल्यावर गच्चीत आलो तर इकडेतिकडे बघत विचारतो, "दादा, नंतर काही... निघतं का?" माझ्या वेळी सरकारी दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या माणसानं मला हेच विचारलं होतं, ते आठवलं. बिनटाक्याची होती, चहा गार होईपर्यंत उरकली. भुलीचं इंजेक्शन चावलं तेवढंच. घरी आल्यावर पहिल्या वेळी मी चक्क मोबाईलच्या टॉर्चमध्ये तपासलं. तेवढंच, तसंच, त्याच रंगाचं. बायको उशीत तोंड खुपसून हसत होती. ज्यांनी केलीय त्यांनी लिहा, साडूला लिंक पाठवणार आहे.

वऱ्हाडी_ठेचा: टॉर्च 😂😂 बाप्पा, कमालच करता राजेहो

दुपारची_झोप: माझं टाक्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाळी खूप जास्त जाते, कुणाला असं झालंय का?

सुगरण_नसलेली: @दुपारची_झोप ताई, हा पुरुषांचा धागा आहे, पण तपासून घ्या हो, अंगावर काढू नका.
आमच्याकडे ह्यांनी केली. पहिले काही आठवडे जमेचना. मी आपली गप्प. सासूबाईंनी त्यांना आधीच घाबरवलं होतं, "नस कापल्यावर पुरुष पुरुष राहत नाही". पण पहाटे मात्र सगळं व्यवस्थित असायचं, ते मी बघत होते ना! मग एक दिवस मीच म्हटलं, पहाटे चालतं आणि रात्री चालत नाही, म्हणजे नस रात्रीचीच कापली का? ते इतके हसले की तिथेच गाडी रुळावर आली. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

गुरांचा_दवाखाना: मी पशुधन पर्यवेक्षक. गावात ही भीती कुठून येते ते सांगतो. लोकांनी बैल बडवताना पाहिलेले असतात. आम्ही चिमट्यानं दाबतो तेव्हा बीजनळीबरोबर गोळीकडे जाणारी रक्तवाहिनीपण चेचली जाते. रक्त बंद झालं की गोळी हळूहळू सुकते, मग खोंडाचा माज जातो, मान भरत नाही. माणसाच्या नसबंदीत रक्तवाहिनीला हात लावत नाहीत. फक्त बीज वाहून नेणारी दोऱ्याएवढी नळी बाहेर काढून कापतात नि बांधतात. गोळी जिवंत, रक्त चालू, आणि मर्दानगीचं रसायन नळीतून जातच नाही, थेट रक्तात उतरतं. आमच्या शिपायाला हे सांगितलं तर म्हणे, "साहेब, पण नाव तर सारखंच घेतात की."

एकटा_बोका: सगळे गोड गोड लिहिताय. मी केली त्याला बरीच वर्षं झाली, आता वय ४८. गेल्या दोनेक वर्षांपासून ताठरता येतच नाही नीट. नसबंदीमुळेच. वीर्य आत साठून साठून नसा खराब होतात, हे मला एका वैद्यांनी सांगितलंय.

निवृत्त_एमओ: बोकोबा, रागावू नका, पण पहाटेचं काय? तेव्हा येते का?

एकटा_बोका: नाही. तेव्हाही नाही.

निवृत्त_एमओ: मग सुगरणताईंच्या यजमानांची गोष्ट वेगळी आणि तुमची वेगळी. त्यांची मनाची होती. तुमची बहुधा रक्तवाहिन्यांची असेल. ताठरतेचे मज्जातंतू नि रक्तवाहिन्या ओटीपोटातून प्रोस्टेटच्या शेजारून येतात. नसबंदीचं भोक अंडकोशाच्या कातडीला, ते तिथवर पोचतच नाही. आणि नसबंदीनं बिघडायचं असतं तर इतकी वर्षं थांबलं नसतं. साखर, रक्तदाब, चालू असलेल्या गोळ्या, सिगारेट, हे आधी बघा. कधीकधी साखरेची पहिली तक्रार हीच असते.
साठण्याचं म्हणाल तर गोळी रोज शुक्रजंतू बनवतच राहते, ते शरीर जिरवून टाकतं. आणि बाहेर जे येतं त्यात शुक्रजंतूंचा वाटा शंभरात जेमतेम दोन ते पाच. बाकी सगळं मूत्राशयामागच्या पिशव्यांचं आणि प्रोस्टेटचं पाणी, आणि ते कापलेल्या जागेच्या पुढे येऊन मिसळतं. घाटमाथ्यांना टॉर्चमध्ये फरक दिसला नाही तो म्हणूनच.

एकटा_बोका: आमच्या घराण्यात कुणालाच शुगर नाही. बघतो.

वऱ्हाडी_ठेचा: बोकोबा, घराण्यात तपासली तरी हाय का कोनी?

आजोळ_सांगोला: माझे थोरले मामा १९७६ ला आणीबाणीत धरून नेलेले. मास्तर होते, वरचे साहेब म्हणायचे नसबंदीची "केस" आणा नाहीतर पगार थांबेल, शेवटी स्वतःच केस झाले. आयुष्यभर कंबर दुखली की नसबंदी, केस गळले की नसबंदी. पण माझ्या मामी म्हणायच्या, "त्यांना काही झालं नव्हतं, त्यांना अपमान झाला होता." ते कुठल्या रिपोर्टात येणार?

निवृत्त_एमओ: खरंय. गंमत म्हणजे एके काळी नेमकी उलटी समजूत होती. व्हिएन्नाच्या श्टायनाखची शस्त्रक्रिया म्हणजे नसबंदीच, ती १९२०च्या दशकात म्हातारे लोक *ताकद वाढावी* म्हणून करून घेत. फ्रॉइडनं १९२३ ला करून घेतली, कवी येट्सनं १९३४ ला. येट्स तर खूश होता. नळी तीच, कापणं तेच. एकाला तारुण्य वाटलं, आपल्याकडे नामर्दपण.

लॅबवाली: साडूंना एक सांगा, सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळे नाही. कापलेल्या जागेच्या पुढे जुने शुक्रजंतू शिल्लक असतात. तीन महिने निरोध वापरायचाच आणि मग वीर्यतपासणी. एक दादा आले होते, तीन महिने झाले म्हणून अगदी निवांत. रिपोर्टात तुरळक शुक्रजंतू, तेही न हलणारे. त्यांचा चेहराच उतरला, "फेल गेलं का?" म्हटलं नाही, निरोध चालू ठेवा, महिन्यानं परत या. परत आले तेव्हा शून्य. हलणारे दिसत राहिले असते तर मात्र परत सर्जनकडेच पाठवलं असतं. नमुना आमच्या डबीतच, पूर्ण द्यायचा, तासाभरात पोचवायचा. फ्रीजमध्ये ठेवून आणणारेही भेटतात, आणि साध्या निरोधातून आणलेला चालत नाही, त्यातलं वंगण जंतूंना मारतं.

सुगरण_नसलेली: परत आले. आमचे हे तपासणीला गेलेच नव्हते!! "डॉक्टर म्हणाले झालं" म्हणे. आता धाडते.

खडकवासला_रनर: सगळ्यांचं छानच होतं असं नाही, म्हणून लिहितोय. माझी इच्छा, ताठरता सगळं ठीक. पण डाव्या बाजूला बोथट दुखतं, वीर्य गेल्यावर जास्त. सोनोग्राफीत मागची नळी फुगलेली दिसली. थोड्या लोकांना होतं असं म्हणाले, घट्ट आधाराची चड्डी आणि गोळ्या दिल्यात. आधीपेक्षा कमी आहे, गेलेलं नाही. परत विचारलं तर करीन का? बायकोची प्रकृती बघता हो, पण कुरकुरत.

घाटमाथा: @खडकवासला_रनर हे साडूलाही वाचू दे. मला फक्त आठवडाभर ओढल्यासारखं वाटलं, मी दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढली होती म्हणून डॉक्टरीणबाई ओरडल्या.

वऱ्हाडी_ठेचा: सुट्टी भेटते का याची? आमच्या हापिसात साहेबाले सांगावं लागन ना कारन

आजोळ_सांगोला: केंद्र सरकारी असाल तर विशेष रजा आहे, बाकीच्यांनी हर्निया सांगावं 😄

दुपारची_झोप: माझ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का

निवृत्त_एमओ: @दुपारची_झोप तुम्हाला व्यनि केलाय. आधी हिमोग्लोबिन करा.

एकटा_बोका: लॅबवाली, तुमच्याकडे शुगरची तपासणी रविवारी होते का?

लॅबवाली: रविवारी बंद. सोमवारी साडेसातला या, रात्रीच्या जेवणानंतर काही खाऊ नका. चहासुद्धा नाही.