शाडूच्या गणपतीची कार्यशाळा: आभार, फोटो आणि तुमचे अनुभव

रानजाई: रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ओल्या मातीचा वास सुटला आणि आजोळचा माळा आठवला. तिथे पाटावर गणपती वाळत असायचा आणि मामा कुणाला फिरकू द्यायचा नाही. आलेल्या सगळ्यांचे आभार, नंतर फरशी पुसणाऱ्यांचे दुप्पट! पहिल्या फोटोत तिंबलेले गोळे, दुसऱ्यात पोरांचा पैलवान गणपती. तिसरा तडकलेल्या सोंडेचा, मुद्दाम टाकलाय, कारण घरी नेल्यावर बऱ्याच जणांचं हेच झालं. पुढची कार्यशाळा रविवार, २३ ऑगस्ट, सकाळी १० वाजता, तिथेच. चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे वाळायला तीन आठवडे मिळतील. तुमच्या मूर्तीचं काय झालं?

निशिगंध: डावा हात गळाला. लेक म्हणतो, बाप्पाला प्लास्टर घाला 😄

कट्टेकरी: सोंडेत तार घालायची, मग तडकत नाही. मी टूथपिक घातली होती.

आप्पा_पेणकर: तारेने सोंड गळत नाही हे खरं, पण चीर तिथेच जाते. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही. त्यापेक्षा सोंड पोटाला टेकवा. जोड देताना दोन्ही बाजू काडीने खरवडा, मातीचा घट्ट लेप लावा, मग दाबा. आणि गुळगुळीत करायला सारखा पाण्याचा हात फिरवू नका. निम्म्या चिरा त्यानेच पडतात.

निशिगंध: आप्पा, गळालेला हात आता बसेल का?

आप्पा_पेणकर: नुसती ओली माती लावलीत तर ती आकसून परत सुटेल. शाडूची पूड, कागदाचा लगदा आणि थोडा डिंक कालवून भरा. सावलीतच वाळवा.

सुलूमावशी: मी पंख्याखाली ठेवलेला. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने अजून काळपट 🙈

आप्पा_पेणकर: मावशी, वारा एकाच अंगाला लागतोय. पंखा बंद करा, वरून सैलसर सुती फडकं टाका, रोज पाट फिरवा. सगळीकडे सारखा फिकट दिसला आणि हाताला गार लागेनासा झाला की वाळला. त्याआधी रंग नको.

कट्टेकरी: आमच्याकडे पंखाच लावतात, काही होत नाही.

टवाळ: आमची पीओपीची आहे, बादलीत विरघळेल ना?

रानजाई: नुसत्या पाण्यात नाही हो. पुण्याच्या एनसीएलने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत काढली आहे, ती बघा. शाडू मात्र पूर्ण वाळलेला असला की पाण्यात पटकन सुटतो. गेल्या वर्षी आमचा आतून ओलसर होता, दुसऱ्या दिवशीही बुडाशी गोळा तसाच.

सुलूमावशी: तीच माती परत वापरता येते का गं? आणि २३ला उकडीचे मोदक मी आणू का?

टवाळ: मोदक असतील तर मी येतो. माती नंतर बघू.

निशिगंध: मावशी, सारण गुळाचंच ना? मागच्या वेळी साखरेचं होतं.