मदत हवी आहे: ॲप बंद असतानाची पावलं मोजायची कशी?

`TYPE_STEP_COUNTER` वापरून छोटं फिटनेस ॲप करतोय. अँड्रॉइड १० पासून पुढे `ACTIVITY_RECOGNITION` परवानगी मॅनिफेस्टमध्ये टाकून चालवतानाही मागतो. ती मिळते आणि आकडेही येतात. पहिली चाल दिसायला काही सेकंद लागतात, त्याचं काही नाही.

हा सेन्सर फोन सुरू झाल्यापासूनची एकूण पावलं देतो, म्हणून दिवसाचं पहिलं वाचन साठवून वजाबाकी करतो. नवा आकडा साठवलेल्यापेक्षा लहान आला, तर फोन रीस्टार्ट झाला असं धरून पाया शून्य करतो.

अडचण मध्यरात्रीची. ॲप सकाळी ८ ला उघडलं, तर १२ ते ८ मधली पावलं हिशेबातून गळतात. कायमची नोटिफिकेशन दाखवणारी फोरग्राउंड सर्व्हिस नकोय. वर्कमॅनेजरने दर १५ मिनिटांनी लिसनर जोडून, एक वाचन घेऊन लगेच काढला, तर मधल्या वेळची पावलं सेन्सर खात्रीने मोजतो का, की लिसनर सतत जोडलेलाच लागतो?