प्रतिसाद: मैत्रिणीचे आडून टोमणे

>> "काही लोक कधीच बदलत नाहीत असं ती लिहिते, ते मला उद्देशून आहे की आणखी कुणाला हे कळत नाही, विचारू का गप्प बसू?"

विचाराच, पण "हे मला उद्देशून आहे का" असं नका विचारू, कारण त्यावर "छे गं, तुला कुठे" एवढंच उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. वरच्या प्रतिसादांत गप्प बसा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, माझे तीन महिने त्यात गेले. माझ्या मैत्रिणीने असंच वाक्य पाठवलं होतं, मी नुसता अंगठा पाठवून मोकळी झाले. नंतर मागचे मेसेज वर जाऊन वाचले तेव्हा लक्षात आलं की त्याच्या चार दिवस आधीपासूनच तिची उत्तरं "हो", "बरं", "बघू" एवढीच येत होती, आधी दिवसाला दोन-तीन व्हॉइस नोट यायच्या. टोमण्याच्या वाक्यापेक्षा हा बदल कधी सुरू झाला ती तारीख बघा, आणि त्याच्या आदल्या एकदोन दिवसांत काय घडलं ते आठवा. मला आठवलं, तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मी येते म्हणाले होते आणि गेले नाही, फोनही नाही केला. मग मी लिहिलं, "काकूंच्या ऑपरेशनला येते म्हणून आले नाही, कळवलंही नाही, चुकलंच माझं. संध्याकाळी फोन करू?" दहा मिनिटांत तिचाच फोन आला, रडली, आणि मी येते म्हणून न येण्याची ही दुसरी वेळ होती हेही सांगितलं. काहीच आठवलं नाही तर "हल्ली तू कमी बोलतेस, माझं काही चुकलं का" एवढंच लिहा, ते पण पर्सनलवर, ग्रुपवर अजिबात नको.