मदत हवी आहे: दहा लिटर तांबडा रस्सा लवकर गार कसा करायचा?

मंडळी, रविवारी घरी जेवणं आहेत, रस्सा शनिवारी रात्रीच करून ठेवायचाय. सासूबाई म्हणतात, पातेलं झाकून ओट्यावर राहू दे, सकाळी फ्रिजमध्ये टाकू. मला ते पटत नाही. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही तग धरतात आणि रस्सा कोमट राहिला की वाढतात. ६० अंशांवरून २१ वर २ तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या ४ तासांत यायला हवा. खोल पातेल्यात मधला रस्सा कितीतरी वेळ गरमच राहतो, त्यात वरची तर्री वाफ कोंडते.

बेत असा: मटण वेगळं काढायचं, रस्सा पसरट भांड्यांत दोन-तीन बोटं उंच ओतायचा, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहायचं. वाफ जाऊन ६० पर्यंत उतरला की मगच बर्फ, म्हणजे हिशेबाने साडेसहा-सात किलोत भागावं. उकळता ठेवला तर अकरा-बारा किलो लागेल.

विचारायचंय ते हे: तर्री आधी काढून ठेवून दुसऱ्या दिवशी वरून घातली तर चव उतरते का? आणि शनिवारी रात्री राजारामपुरीच्या आसपास खाण्याजोगा स्वच्छ बर्फ कुठे मिळेल? थर्मामीटर आहे घरात, त्याची काळजी नको.