मदत हवी आहे: एंगेजमेंट रेटचं उत्तर २.५ टक्के की ८ टक्के?

सायली_ठाणे
डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करतेय, परवा क्विझ आहे. सरावाच्या दोन प्रश्नांवर कालपासून अडकलेय.

पहिला: इन्स्टाग्रामच्या एका पोस्टचे आकडे दिलेत. फॉलोअर्स ८,०००, रीच २,५००, इम्प्रेशन्स ४,०००. लाईक, कमेंट, शेअर आणि सेव्ह मिळून २००. लिंकवर क्लिक ५०, त्यातून ऑर्डर ४. एंगेजमेंट रेट किती? मी ८ टक्के काढला, आन्सर कीमध्ये २.५ आहे.

दुसरा: सोमवारी रीच १,२००, मंगळवारी १,५००, बुधवारी ९००. तीन दिवसांचा एकूण रीच किती? मी सरळ बेरीज करून ३,६०० लिहिलं. कीमध्ये 'दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही' असं आहे. हे तर अजिबातच पटलं नाही.

निनाद_के
पहिल्याचं तुझं उत्तर बरोबर आहे, कीच चुकलीये. एंगेजमेंट रेट रीचवरच काढतात. ज्यांना पोस्ट दिसलीच नाही त्यांना भागाकारात कशाला धरायचं?

मसालेवाल्या_काकू
मी घरगुती मसाले विकते. माझा रीच दिवाळीनंतर फारच घसरलाय, तो वाढवायला काय करावं? मागच्या महिन्यात ३,००० फॉलोअर्समधून ६ ऑर्डरी आल्या, म्हणजे कन्व्हर्जन ०.२ टक्के. फार वाईट आहे का हो?

आकडेमोड
सायली, की चुकलेली नाही आणि तूही चुकलेली नाहीस. २०० ला २,५०० ने भागलं की ८ टक्के, ४,००० ने भागलं की ५ आणि ८,००० ने भागलं की २.५. तिन्ही पद्धती चालतात, फक्त खाली काय घेतलं ते सांगावं लागतं. निनाद म्हणतात ते एका पोस्टबद्दल पटण्यासारखं आहे, पण दुसऱ्याच्या अकाउंटचा रीच आपल्याला दिसत नाही. स्पर्धकांशी तुलना करायची तर फॉलोअर्सवरच काढावं लागतं, म्हणून तीही पद्धत रूढ आहे. खाली काय घ्यायचं हे न सांगता प्रश्न विचारला, ही चूक प्रश्न काढणाऱ्याची.

दुसऱ्या प्रश्नात मात्र की अगदी बरोबर आहे. रीच म्हणजे किती वेगवेगळ्या अकाउंट्सपर्यंत पोस्ट पोचली. तुझ्या मैत्रिणीने सोमवारीही पाहिलं आणि मंगळवारीही पाहिलं, तर ती दोन्ही दिवसांच्या आकड्यात आहे, पण तीन दिवसांच्या रीचमध्ये एकदाच धरली जाईल. मंगळवारचेच लोक बाकी दोन दिवशी परत आले असतील तर एकूण रीच १,५०० च राहील. रोज सगळे नवे असतील तर ३,६००. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. तो हवा असेल तर इनसाइट्समध्ये तीन दिवसांची तारीख एकत्र निवडून बघायचा, रोजचे आकडे जोडायचे नाहीत. इम्प्रेशन्सची बेरीज चालते, कारण तिथे दिसण्याची प्रत्येक वेळ मोजली जाते.

काकू, तुमची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते ना? मग फॉलोअर्स सोडा. मागच्या महिन्यात भाव विचारायला किती जणांनी मेसेज केला?

मसालेवाल्या_काकू
वही बघून सांगते... ३० जणांनी.

आकडेमोड
मग ३० पैकी ६, म्हणजे २० टक्के. विचारणाऱ्या पाचांतला एक माल घेतोय. अडचण विचारणाऱ्यांच्या संख्येत आहे, तुमच्या भावात किंवा बोलण्यात नाही. रीचसाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

निनाद_के
मान्य, फॉलोअर्सचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण सायलीच्या प्रश्नात कन्व्हर्जन रेटही ४ भागिले ५०, म्हणजे ८ टक्केच येतो. दोन्ही आठ बघून गोंधळायला होईल.

आकडेमोड
हो, तो योगायोग आहे, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आणखी एक. क्लिक ५० असले तरी गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये भेटी ४० च दिसू शकतात, कारण पान उघडायच्या आत काही जण परत फिरतात. भेटींवर काढलंत तर ४ भागिले ४०, म्हणजे १० टक्के. आणि तिथल्या एंगेजमेंट रेटचं नाव तेच असलं तरी अर्थ निराळा. १० सेकंदांपेक्षा जास्त थांबलेली, किंवा दोन पानं पाहिलेली, किंवा ठरवलेली कृती झालेली भेट तिथे एंगेज्ड धरतात. लाईक-कमेंटचा त्यात काही भाग नाही.

सायली_ठाणे
रीचचं आता पक्कं डोक्यात बसलं, मैत्रिणीच्या उदाहरणामुळे. पण क्विझमध्ये परत असाच अर्धवट प्रश्न आला तर? पर्यायांत २.५, ५ आणि ८ तिन्ही असतील.

निनाद_के
मी तरीही रीचच धरेन.

आकडेमोड
कोर्सच्या नोट्समध्ये कोणतं सूत्र दिलंय ते आधी बघ, ते असेल तर तेच. नसेल तर उद्याच सरांना विचार.

सायली_ठाणे
नोट्समध्ये एका पानावर फॉलोअर्स आहेत आणि पुढच्याच पानावर रीच. सरांना मेसेज केलाय, उत्तर आलं की इथे लिहिते.