प्रति: टक्के कॅलरीचे काढा, वजनाचे नाही

> "3 अंडी, 2 चीज क्यूब आणि 2 चमचे तूप, एवढ्यात फॅट 75 टक्क्यांच्या वर जाईल का?"

कमी कार्ब, जास्त फॅटच्या किटो आहारासाठी विचारत असाल तर जाईल, पण चमचा कुठला त्यावर आहे सगळं. आमच्याकडे रत्नागिरीत घरातला पोह्याचा चमचा वेगळा, वाढायचा वेगळा, म्हणून मी वाटी काट्यावर ठेवून तूप मोजते. 30 ग्रॅम तूप म्हणजे जवळजवळ 30 ग्रॅम फॅटच. 3 अंड्यांत साधारण 15, 40 ग्रॅम चीजमध्ये 10 (पाकिटामागे 100 ग्रॅमचे आकडे असतात ते बघून घ्या), झाले 55. फॅटच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणून गुणिले 9 म्हणजे 495 कॅलरी. प्रोटीन दोन्हींचं मिळून 26, कार्ब 2, त्यांच्या ग्रॅमला 4 कॅलरी, म्हणून 4 ने गुणायचं, 112. एकूण 607, म्हणजे फॅट साडेएक्याऐंशी टक्के.

तूप काढून बघा, तेच जेवण 67 टक्क्यांवर येतं, म्हणजे नुसतं अंडं-चीज पुरत नाही, खरं काम तूपच करतं. आणि म्हणूनच आमलेट काढल्यावर तव्यात जे तूप राहतं ते बघाच, मी एकदा तवा आधी आणि नंतर वजन केला तर 10 ग्रॅम तव्यातच होतं, ते वजा केलं की 78 च होतात. आता मी ते आमलेटवरच ओतून घेते.

बाकी सोबत तांदळाची एक भाकरी घेतलीत तर हिशोब परत 66 च्या आसपास घसरतो, तूप कितीही मोजलेलं असो.